एलटीसी : शुक्रवारी अर्धी सीएल, मंगळवारपासून ईएल, आस्थापनेने अर्ज परत पाठवला

वर्षा_कोथरूड

नमस्कार. मी पुण्यात केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आहे, लेव्हल ६. जानेवारीत घरच्यांना घेऊन अंदमानला जायचं ठरवलंय. मी, नवरा (खाजगी नोकरी) आणि दोन मुलं. २०२३ मध्ये भारतात कुठेही जाण्याची एलटीसी वापरून झाली. २०२४-२५ ची होमटाउनची शिल्लक आहे, ती वाढीव वर्षात म्हणजे २०२६ मध्ये अंदमानसाठी बदलून घ्यायची आहे. होमटाउन सांगली जिल्ह्यात आहे, त्यामुळे बदलून घ्यायला अडचण नाही.

तारखा अशा बसवल्या होत्या. शुक्रवार २३ जानेवारीला दुपारनंतर अर्धी सीएल. त्याच संध्याकाळी आझाद हिंदने पुण्याहून हावडा. शनिवार, रविवार आणि सोमवारी २६ जानेवारी, असे तीन दिवस सुट्टीचे. मंगळवार २७ पासून शुक्रवार ६ फेब्रुवारीपर्यंत ईएल. पुढचे शनिवार-रविवार मागे जोडून सोमवारी ९ तारखेला हजर.

अर्ज टाकला आणि दोन दिवसांत परत आला. त्यावर एवढंच लिहिलंय : "सीएल व ईएल एकत्र घेता येत नाही. सुधारित अर्ज सादर करावा." पण मी एकत्र कुठे घेतल्यात? मध्ये तीन सुट्ट्या आहेत! शुक्रवारचं तिकीट सोडलं तर हावड्यात एक दिवस हातात राहत नाही, आणि गाडी उशिरा पोहोचली तर पुढचं विमान चुकायचं. कोणी असं केलंय का? अर्जात नेमकं काय लिहायचं?

सह्याद्री७

मुळात तुम्ही शुक्रवारी निघूच शकत नाही. एलटीसीचा प्रवास रजेच्या पहिल्या दिवशीच सुरू व्हावा लागतो. सुट्टीच्या दिवशी निघालात तर भाडं मिळत नाही, हा नियम आहे. मंगळवारी २७ ला निघा, म्हणजे कोणी बोट ठेवणार नाही. आणि आझाद हिंदने दोन रात्री कशाला घालवता? पुण्याहून कोलकात्याला सरळ विमानाने जा. अंदमानची योजना आहे म्हटल्यावर विमानाचे सगळे पैसे मिळतात.

गोदाकाठ

ताई, आमच्याकडे असलं काही नसतं. स्वग्राम प्रवास सवलत दोन वर्षांतून एकदा आणि महाराष्ट्र दर्शन चार वर्षांतून एकदा, एवढंच. तुम्हाला अंदमान कसं काय मिळतं? आमच्या जिल्हा कार्यालयात कोणालाच मिळालेलं ऐकलं नाही. शासन निर्णय असेल तर क्रमांक द्या, मी आमच्या लेखा शाखेत दाखवतो.

आस्थापना_निवृत्त

गोदाकाठ, तुम्ही राज्य शासनाचे आहात. वर्षाताई केंद्राच्या. त्यांना १९८८ चे केंद्रीय एलटीसी नियम लागू होतात, तुमची रजा प्रवास सवलत वेगळी. इथलं काही वाचून तुमच्या लेखा शाखेशी वाद घालू नका, तुमचंच नुकसान होईल.

सह्याद्री, तुमची दोन्ही विधानं अर्धी बरोबर आहेत, आणि अशाच अर्ध्या माहितीवर माणसं अडकतात म्हणून सविस्तर लिहितो. मी तीस वर्षं आस्थापना शाखेत काढली, त्यातली बरीचशी रजेच्या नोंदींत.

एकही दिवस रजा न टाकता नुसत्या शनिवार-रविवारी किंवा सुट्ट्यांमध्ये केलेला प्रवास एलटीसीत बसत नाही, हे खरं. पण रजा मंजूर असेल आणि तिच्या आधीची सुट्टी प्रीफिक्स म्हणून मंजूर असेल, तर त्या सुट्टीच्या दिवशी निघायला काहीच हरकत नाही. परतीचंही तसंच, सफिक्सच्या दिवशी पोहोचलात तरी चालतं. म्हणून वर्षाताई शनिवारी २४ ला संध्याकाळी बिनधास्त निघू शकतात.

विमानाचं म्हणाल तर लेव्हल ६ ला एरवी विमान नाही, रेल्वेचा एसी टू टियर आहे. अंदमानसाठी जी खास सूट आहे ती २५ सप्टेंबर २०२६ पर्यंत आहे, आणि ती कोलकाता, चेन्नई किंवा विशाखापट्टणमहून पुढच्या विमानापुरती आहे. पुण्याहून कोलकात्यापर्यंत आपल्या हक्काच्या वर्गानेच जायचं. तिथे विमानाने गेलात तर एसी टू टियरचं भाडं आणि विमानाचं प्रत्यक्ष भाडं, यांतलं कमी असेल तेवढंच मिळेल. वरचे पैसे खिशातून. चार माणसांचा जायचा-यायचा फरक म्हणजे लहान रक्कम नव्हे.

आता मूळ मुद्दा. ताई, तुमच्या आस्थापनेने बरोबर केलंय. सीएल ही नियमित रजा मानलीच जात नाही, म्हणून ती ईएलला जोडता येत नाही. मध्ये सुट्ट्या आहेत हा तुमचा युक्तिवाद मला समजतो, पण त्या सुट्ट्या तुम्ही ईएलला प्रीफिक्स केल्यात. म्हणजे तुमची गैरहजेरी शुक्रवारी दुपारपासून सलग ८ फेब्रुवारीपर्यंत आहे, मध्ये कुठेही कामावर आलेला नाहीत. अर्धी सीएल घेऊन गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी आजारपणामुळे किंवा तशाच नाइलाजाने येऊ शकला नाही, तर त्याच्यासाठी सवलत आहे. तुमचा प्रवास महिनाभर आधी ठरलेला आहे, त्याला नाइलाज म्हणता येणार नाही.

वर्षा_कोथरूड

काका, धन्यवाद. आता समजलं. मग शुक्रवारपासूनच ईएल टाकली तर? एकाच प्रकारची रजा, वाद नाही. एक दिवस जास्त जाईल, जाऊ दे.

आस्थापना_निवृत्त

एक नाही, चार दिवस जास्त जातील. इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. ईएल मंगळवारपासून असेल तर शनि, रवि, सोम हे तिच्या आधीचे, ते तुमच्या खात्यातून जात नाहीत. ईएल शुक्रवारपासून असेल तर तेच तीन दिवस रजेच्या मधोमध आले, आणि मधली सुट्टी रजेतच मोजली जाते. पहिल्या हिशोबात २७ जानेवारी ते ६ फेब्रुवारी असे ११ दिवस होतात. दुसऱ्यात २३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी असे १५.

ईएलची शिल्लक किती आहे? आणि दहा दिवसांचं रोखीकरण मागणार आहात का? त्यावर पुढचं अवलंबून आहे.

वर्षा_कोथरूड

आज शिल्लक ३७. १ जानेवारीला १५ जमा होतील, म्हणजे ५२. रोखीकरण हवंच आहे. मूळ वेतन ४४,९०० आहे आणि तिथला राहण्या-फिरण्याचा खर्च त्यातूनच भागवायचा विचार होता. याआधी दोन वेळा मिळून २० दिवस घेतलेत.

आस्थापना_निवृत्त

मग नीट बघा. घेतलेली रजा आणि रोखीकरणाचे दहा दिवस, दोन्ही वजा करून खात्यात किमान ३० दिवस उरले पाहिजेत, तरच रोखीकरण मिळतं.

मंगळवारपासून ईएल : ५२ मधून ११ गेले, १० गेले, उरले ३१. मिळेल.

शुक्रवारपासून ईएल : ५२ मधून १५ गेले, १० गेले, उरले २७. मिळणार नाही.

शुक्रवारच्या त्या एका संध्याकाळसाठी तुम्ही आख्खं रोखीकरण घालवाल. ४४,९०० वर जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के महागाई भत्ता धरला तर महिन्याचे ७०,९४२ होतात, त्याला तीसने भागून दहाने गुणलं की २३,६४७ रुपये. घरभाडे भत्ता यात धरत नाहीत. नोकरीभरात ६० दिवसांची मर्यादा आहे, तुमचे २० झालेत, तिकडून अडचण नाही.

आणखी एक. अर्ज डिसेंबरमध्ये मंजुरीला गेला तर रजा खात्यात ३७ च दिसतील, आणि ३७ मधून २१ वजा केले की १६ उरतात. कोणीतरी लगेच लाल शेरा मारील. म्हणून रोखीकरणाच्या ओळीपुढे स्पष्ट लिहा की १ जानेवारी २०२६ रोजी जमा होणारे १५ दिवस धरून शिल्लक ५२ आहे.

मैत्रेयी_लेखा

काकांचं सगळं पटलं, पण शेवटच्या मुद्द्यावर माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या लेखा विभागात जमा न झालेली रजा धरून रोखीकरण काढत नाहीत. आम्ही रजा आणि एलटीसीची मंजुरी आधी देतो, आणि रोखीकरणाचा आदेश जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, खात्यात १५ दिवस चढल्यावर काढतो. प्रवास २३-२४ ला असेल तर वेळ पुरतो. वर्षा, तुमच्या लेखा विभागाला आधीच विचारून घ्या.

आस्थापना_निवृत्त

हेही बरोबर. आमच्याकडे धरत असत. कार्यालयागणिक पद्धत वेगळी असते. दोन अर्ज करायला लागले तर दोन करा.

सह्याद्री७

काका, चूक दाखवलीत, आभार. मला आमच्या कार्यालयात असंच सांगितलं होतं, म्हणून गेल्या वर्षी मी रविवारचं तिकीट रद्द करून सोमवारचं काढलं. उगाच रद्द करण्याचे पैसे गेले.

पण मग वर्षाताईंनी शुक्रवारी पूर्ण दिवस काम करून संध्याकाळी निघावं. प्रीफिक्स कार्यालय सुटल्यापासूनच सुरू होतं ना?

वर्षा_कोथरूड

कार्यालय सहाला सुटतं, गाडी साडेसहाच्या सुमारास. मुलं आणि सामान घेऊन संध्याकाळच्या गर्दीत अर्ध्या तासात पुणे स्टेशन गाठणं अशक्य आहे. आमच्या एका सहकाऱ्यांनी सुचवलं की साहेबांची तोंडी परवानगी घेऊन चारला निघा.

मैत्रेयी_लेखा

तोंडी परवानगीवर एलटीसी करू नका. हजेरी बायोमेट्रिक असेल तर त्या दिवशी चारला बाहेर पडल्याची नोंद राहणार आणि तिकिटावर त्याच संध्याकाळची गाडी. बिल तपासणाऱ्याच्या टेबलावर हे दोन कागद शेजारी-शेजारी आले की प्रश्न निघतोच. साहेबांची तोवर बदली झालेली असेल.

पाटबंधारे_नाही

मी फारसा लिहीत नाही, पण हे वाचून कॅलेंडर उघडलं. २३ जानेवारी २०२६ ला वसंत पंचमी आहे. केंद्राच्या सुट्ट्यांच्या यादीत ती ऐच्छिक सुट्टी आहे. वर्षाला दोन आरएच मिळतात आणि जानेवारीत दोन्ही शिल्लक असणार. शुक्रवारी आरएच घेतली तर?

आरएच ईएलला जोडता येते का, ते मात्र मला खात्रीने माहीत नाही. मी ती फक्त शनिवार-रविवारला जोडून घेतली आहे.

आस्थापना_निवृत्त

वा! हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. जोडता येते. आरएच नियमित रजेला आणि सीएललाही पुढे-मागे जोडता येते, त्याला मनाई नाही. म्हणजे शुक्रवार आरएच, शनिवार, रविवार, सोमवारचा प्रजासत्ताक दिन, हे चारही दिवस प्रीफिक्स. ईएल मंगळवारपासूनच, ११ दिवस. रोखीकरण शाबूत. शुक्रवारी पूर्ण दिवस घरी, संध्याकाळची गाडी आरामात.

फक्त दोन गोष्टी. पुण्यातल्या तुमच्या कार्यालयाला जी यादी लागू आहे त्यात वसंत पंचमी आहे का हे परिपत्रकात बघा. ऐच्छिक सुट्ट्यांची निवड शहरागणिक थोडी बदलते. आणि आरएच आपोआप मिळत नाही, मंजूर करून घ्यावी लागते. एलटीसीच्या अर्जाबरोबरच तिचाही अर्ज लावा. आधी ईएल मंजूर झाली आणि आरएच नंतर नाकारली, असं व्हायला नको.

वर्षा_कोथरूड

यादी पाहिली. आहे! २३ जानेवारी, वसंत पंचमी. पाटबंधारे_नाही, तुमचे किती आभार मानू. गेले चार दिवस मी आणि नवरा कागदावर तारखा मांडत बसलो होतो.

आता अर्जात नेमकं कसं लिहू?

आस्थापना_निवृत्त

माझ्या टेबलावर असा अर्ज आला असता तर मी एका दिवसात पुढे पाठवला असता :

रजेचा प्रकार : अर्जित रजा, ११ दिवस, २७.०१.२०२६ ते ०६.०२.२०२६.
प्रीफिक्स : २३.०१.२०२६ (ऐच्छिक सुट्टी, अर्ज सोबत), २४ व २५.०१.२०२६ (शनिवार, रविवार), २६.०१.२०२६ (प्रजासत्ताक दिन).
सफिक्स : ०७ व ०८.०२.२०२६ (शनिवार, रविवार).
मुख्यालय सोडण्याची परवानगी : २३.०१.२०२६ ते ०८.०२.२०२६.
ब्लॉक : २०२४-२५, वाढीव वर्ष २०२६. होमटाउन एलटीसीचे अंदमान-निकोबारसाठी रूपांतर.
ठिकाण : श्री विजयापुरम (पोर्ट ब्लेअर).
मार्ग : पुणे-हावडा रेल्वे, एसी टू टियर, कोलकाता-श्री विजयापुरम विमान, इकॉनॉमी, परत त्याच मार्गाने.

ब्लॉकची ओळ मोघम ठेवू नका. जानेवारी २०२६ पासून २०२६-२९ चा नवा ब्लॉक सुरू होतो. तुम्ही नुसतं "होमटाउन एलटीसी" लिहिलंत तर सेवापुस्तकात २०२६-२७ च्या नावावर नोंद होण्याची शक्यता आहे, आणि जुनी शिल्लक डिसेंबर २०२६ अखेर वाया जाईल. अशी नोंद दुरुस्त करून घेताना लोकांचे महिने गेलेले मी पाहिलेत.

मुख्यालय सोडण्याच्या तारखा, रजा-सुट्टीच्या तारखा आणि तिकिटावरच्या तारखा या तिन्ही एकमेकांत बसल्या पाहिजेत. तपासणारा माणूस फक्त एवढंच बघतो : पहिल्या तिकिटाच्या दिवशी तुम्ही कामावर असायला हवे होता का, आणि शेवटच्या तिकिटानंतर वेळेवर हजर झालात का.

दख्खनचा_प्रवासी

तारखांचं ठरलं असेल तर विमानाबद्दल माझी गोष्ट ऐका, म्हणजे तुमच्यावर ती वेळ येणार नाही. मी दोन वर्षांपूर्वी कुटुंबासह चेन्नईमार्गे अंदमानला गेलो. आमच्या कार्यालयात कोणी नीट सांगितलं नाही आणि मी एका नेहमीच्या खाजगी संकेतस्थळावरून विमानाची तिकिटं काढली, तीही प्रवासाच्या नऊ दिवस आधी. परत आल्यावर बिल लावलं. रेल्वेचे पैसे मिळाले, विमानाचे चारही माणसांचे नाकारले गेले. प्रवास केला होता, बोर्डिंग पास होते, सगळं खरं होतं. सात महिने पत्रव्यवहार केला. वरच्या कार्यालयापर्यंत गेलं आणि तिथूनही नकारच आला. माझ्या मुलीच्या वर्षाच्या फीएवढी रक्कम होती ती. अजूनही त्या सहलीचे फोटो बघवत नाहीत.

मैत्रेयी_लेखा

वाईट वाटलं वाचून. असं वर्षातून दोन-तीनदा तरी आमच्याकडे येतं आणि मला स्वतःच्या हाताने "अमान्य" लिहावं लागतं.

वर्षा, विमानाची तिकिटं तीनच ठिकाणांहून काढा : बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी. आणि एलटीसीचं तिकीट म्हणूनच काढा. प्रवासाच्या किमान २१ दिवस आधी काढायचं आहे. २६ जानेवारीच्या विमानासाठी ५ जानेवारीपर्यंत. तुम्हाला हवी ती वेळ ज्या तीन तासांच्या टप्प्यात येते, त्या टप्प्यातल्या थेट विमानांपैकी सगळ्यात कमी भाड्याचं निवडायचं. तिकीट काढताना पडद्यावर त्या टप्प्यातली सगळी विमानं आणि भाडी दिसतात, ते पान तेव्हाच छापून ठेवा. नंतर काढलेल्या पानावर भाडी बदललेली असतात आणि तुमचं तिकीट महाग दिसतं. एका प्रवासाला एकच तिकीट, "हेही राहू दे" म्हणून दुसरं काढून ठेवायचं नाही.

आगाऊ रक्कम घेणार आहात का? भाड्याच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळते, पण रक्कम हातात आल्यापासून दहा दिवसांत तिकिटं दाखवावी लागतात. म्हणून ती फार आधी उचलू नका. परत आल्यावर एका महिन्यात बिल लावायचं. आगाऊ रक्कम घेतली नसेल तर तीन महिने मिळतात.

वर्षा_कोथरूड

विमानापुरती घेईन म्हणतेय. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे २३ जानेवारीसाठी २४ नोव्हेंबरला. ते आपल्या पैशांनी काढते, एसी टूच्या जागा फार लवकर संपतात. मंजुरी तोवर आली नाही तरी काढू का?

मैत्रेयी_लेखा

रेल्वेचं काढा, धोका कमी आहे. रद्द करावं लागलं तर थोडे पैसे जातील. विमानाचं मात्र मंजुरी हातात आल्यावरच.

सह्याद्री७

परतीचं कसं ठरवलंय? यावरही मला एक विचारायचं आहे.

वर्षा_कोथरूड

गुरुवारी ५ फेब्रुवारीला विमानाने कोलकाता, शुक्रवारी ६ ला रात्री हावड्याहून आझाद हिंद, रविवारी ८ ला सकाळी पुणे. सोमवारी हजर.

सह्याद्री७

तेच. रविवारी गाडी फारच रखडली, किंवा रद्द झाली, आणि तुम्ही सोमवारी येऊ शकला नाहीत तर? एक दिवस सीएल टाकता येणार नाही, कारण पुन्हा तोच नियम. बरोबर ना काका?

आस्थापना_निवृत्त

अगदी बरोबर, आणि प्रश्न चांगला आहे. सोमवारी ९ ची ईएल वाढवून मागावी लागेल. पण मग शनिवार-रविवार सफिक्स राहत नाहीत, मध्ये येतात. ११ चे १४ होतात. ५२ मधून १४ आणि १० गेले की उरतात २८.

वर्षा_कोथरूड

म्हणजे रोखीकरण परत करावं लागेल? पैसे तर आधीच मिळालेले असतील!

आस्थापना_निवृत्त

माझ्या मते नाही. मंजुरीच्या दिवशीच्या हिशोबाने ३१ उरत होते, नंतरची वाढ तुमच्या हातात नव्हती. पण मी अशी फाईल प्रत्यक्ष हाताळलेली नाही.

मैत्रेयी_लेखा

मला वाटतं, वसुली लागेल. अट प्रत्यक्ष घेतलेल्या रजेवर आहे, मंजूर केलेल्या नव्हे. निदान आमच्याकडे तरी लेखापरीक्षक असंच म्हणतील. यावर स्पष्ट आदेश कोणाकडे असेल तर इथे टाकावा.

पाटबंधारे_नाही

वाद मिटेपर्यंत परतीचा प्रवास एक दिवस अलीकडे घ्या ना. बुधवारी ४ ला विमान, गुरुवारी ५ ला रात्री गाडी, शनिवारी ७ ला सकाळी पुण्यात. रजा तेवढीच लागते. गाडी पूर्ण दिवस उशिरा आली तरी रविवार हातात आहे. अंदमानात एक दिवस कमी मिळेल, पण शुक्रवारी निघाल्याने तो तुम्ही आधीच कमावलाय.

वर्षा_कोथरूड

हो, असंच करते. नवऱ्याला दाखवलं, त्यालाही पटलं. गुरुवारच्या गाडीचं आरक्षण ७ डिसेंबरला उघडेल.

एक शेवटचं. स्वराज द्वीपला (हॅवलॉक) बोटीने जाणार आहोत. ते भाडं मागता येतं का?

दख्खनचा_प्रवासी

मी श्री विजयापुरम घोषित केलं होतं, त्यामुळे बोटीचं मागितलंच नाही. स्थानिक फिरणं मिळत नाही, हॉटेल मिळत नाही, दैनिक भत्ताही नाही.

सह्याद्री७

पण तिने घोषित ठिकाणच स्वराज द्वीप लिहिलं तर? मग बोट हा मुख्य प्रवासाचा भाग झाला, स्थानिक फिरणं नाही.

मैत्रेयी_लेखा

सरकारी बोट असेल तर तर्क बरोबर वाटतो. खाजगी क्रूझचं भाडं मी तरी मान्य करणार नाही. पण ठिकाण निघण्याआधी घोषित करावं लागतं, तिथे पोहोचल्यावर बदलता येत नाही. आणि स्वराज द्वीप लिहिलंत आणि समुद्र खवळल्यामुळे बोटच सुटली नाही, तर घोषित ठिकाणी पोहोचलाच नाहीत असा आक्षेप येऊ शकतो. त्या काहीशे रुपयांसाठी आख्खं बिल अडकवायचं का, हे तुम्ही ठरवा.

आस्थापना_निवृत्त

श्री विजयापुरम लिहा.

वर्षा_कोथरूड

श्री विजयापुरमच लिहिलं. आज सुधारित अर्ज, सोबत आरएचचा वेगळा अर्ज आणि २०२६ च्या सुट्ट्यांच्या परिपत्रकाची प्रत लावून दिला. आस्थापनेतल्या बाईंनी तिथल्या तिथे कॅलेंडर काढून तारखा मोजल्या आणि म्हणाल्या, "आता बसतंय." रोखीकरणाचा अर्ज २ जानेवारीला द्यायला सांगितलाय, मैत्रेयीताई म्हणाल्या तसंच.

गोदाकाठ

ताई, प्रवास सुखाचा होवो. मी आमच्या महाराष्ट्र दर्शनच्या नियमांत सीएल-ईएलचं काय आहे ते विचारतोय, उत्तर मिळालं की वेगळा धागा काढतो. या मे महिन्यात मीही शुक्रवारची अर्धी सीएल टाकायचा विचार करत होतो.